तंबाखूचा बार आणि मिस्ड कॉल : इचलकरंजीतल्या प्रकल्पाच्या नोंदी

८ जानेवारी २०२४

काम ठरलं. यंत्रमाग कामगार तंबाखूचा बार नेमका कधी भरतात, तेव्हा काय चाललेलं असतं, हे शोधायचं. व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या डॉक्टरांना समुपदेशनासाठी हे हवंय. त्यांचं म्हणणं असं, की "तलफ आली की पाणी प्या" हा सल्ला ज्याला दिला, त्याचे दोन्ही हात त्या वेळी मागावर असतील तर तो सल्ला हवेतच जाणार.

आज चार कारखान्यांत फिरले. प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, दिवसाला किती बार होतात? जवळपास सगळ्यांनी एकच उत्तर दिलं, "पाच-सहा." बावीस वर्षांचा पोरगाही पाच-सहा आणि तीस वर्षं तंबाखू मळणारे मामाही पाच-सहा. एवढं एकमत दिसलं की मला शंका येते. हा आकडा मोजलेला नाही, शोभेल असा निवडलेला आहे. बार भरताना कोणी मनात खूण करत नाही, त्यामुळे विचारल्यावर आठवायला काही नसतंच. माणूस अंदाज बांधतो आणि तो अंदाज आठवणीच्या सुरात सांगतो.

म्हणून आठवणीला विचारायचंच नाही. घडतं तेव्हाच नोंद.

११ जानेवारी

सहा जणांना खिशात मावतील अशा वह्या दिल्या. रकाने चारच: वेळ, कुठे, काय चाललं होतं, तलफ किती. प्रत्येक बाराला एक ओळ. पेन्सिल सुतळीने वहीला बांधली. माझा सहकारी अमेय सुरुवातीपासून म्हणतोय की कागद नको, सरळ फोनवर जाऊ. मी म्हटलं, आधी स्वस्तातलं करून बघू.

१७ जानेवारी

वह्या गोळा केल्या. सहाच्या सहा भरलेल्या, एक ओळ चुकलेली नाही. अमेयने पानं चाळली आणि हसायला लागला.

कामगार क्रमांक क-०२ची वही. पाच दिवसांच्या एकतीस ओळी, सगळ्या एकाच दाबाने, एकाच तिरक्या हातात लिहिलेल्या. पेन्सिलीचं टोक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत हळूहळू बोथट होत गेलेलं. पाच दिवस खिशात वागवलेल्या पेन्सिलीचं असं होत नाही, एका बैठकीत लिहिणाऱ्याच्या पेन्सिलीचं होतं. वेळा बघितल्या तर ९:००, ११:३०, २:००. सगळ्या वह्यांत मिळून पूर्ण किंवा अर्ध्या तासावर न पडणारी नोंद मोजून चार. बार काही घड्याळाचे टोले ऐकून भरत नाहीत.

खरी गंमत शुक्रवारच्या पानावर आहे. त्या दिवशी लाईनच्या कामासाठी त्या भागाची वीज अकरापासून चारपर्यंत बंद होती. पोरं बाहेर कट्ट्यावर बसली होती, मीही तिथेच होते. क-०५च्या वहीत दुपारी १ वाजता: "मागावर, काम जोरात."

त्याला खोटं बोलायचं नव्हतं. मला वाईट वाटू नये म्हणून त्याने आदल्या रात्री बसून वही पुरी करून दिली. पण माझ्या हाती आली ती आठवणच, फक्त रकान्यांत बसवलेली.

१८ जानेवारी

हे आमच्याच नशिबी आलंय असं नाही. आर्थर स्टोन, सॉल शिफमन आणि सहकाऱ्यांनी २००२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये एक प्रयोग छापला होता. जुनाट दुखण्याच्या रुग्णांना कागदी डायरी दिली आणि तिच्या बांधणीत प्रकाश ओळखणारा छोटा सेन्सर लपवला. डायरी कधी उघडली, कधी मिटली, सगळं टिपलं गेलं. रुग्णांच्या म्हणण्याप्रमाणे ९० टक्के नोंदी वेळेवर होत्या, सेन्सरच्या म्हणण्याप्रमाणे ११ टक्के. दुसऱ्या गटाला हातात मावणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र दिलं होतं, त्यावर उशिरा नोंद करता येत नसे. तिथे ९४ टक्के नोंदी वेळेवर झाल्या. माणसं दोन्हीकडे सारखीच होती. मोठा फरक हा, की एकीकडे मागाहून भरण्याची सोय होती, दुसरीकडे नव्हती.

कागद म्हणजे नेहमीच फसवणूक, असं मात्र मी म्हणणार नाही. पुढे काही संशोधकांनी याला उत्तर दिलं आणि कागदी व इलेक्ट्रॉनिक नोंदींचे निष्कर्ष बरेचदा जुळतात असं दाखवलं. दिवसातून एकदा, झोपण्यापूर्वी लिहायची डायरी असेल तर कागद चालतो. आपल्याला बाराची वेळ हवी आहे. तिथे तो चालत नाही.

अमेयला चहा पाजला.

२२ जानेवारी

नोंद करायचे रस्ते ढोबळमानाने तीन. घटना घडली की नोंद, ठरलेल्या वेळी नोंद, किंवा अचानक इशारा येईल तेव्हा नोंद. आम्ही पहिला आणि तिसरा घ्यायचं ठरवलं.

घटनेसाठी युक्ती अमेयची. बार भरला की मिस्ड कॉल द्यायचा. वाचायचं नाही, लिहायचं नाही, वेळ आपोआप नोंदली जाते. फोनमध्ये दोन नंबर साठवून द्यायचे, "बार मोकळा" आणि "बार कामात". हात मोकळे असताना बार भरला तर पहिला, मागावर काम चालू असताना भरला तर दुसरा. दोन्ही आमच्याकडे आपोआप कट होतात.

अचानक इशाऱ्याची पद्धत १९७०च्या दशकात शिकागोत मिहाय चिकसेंटमिहाय यांच्या गटाने रूढ केली. मुलांच्या कमरेला पेजर लावायचे आणि तो वाजला की त्या क्षणी काय करताय, कसं वाटतंय ते लिहायचं. आमच्याकडे पेजरची जागा कामगाराच्या स्वतःच्या फोनने घेतली. आवाज ठेवून उपयोग नाही, कारखान्यात शेजारचा माणूस ओरडला तरी ओठ बघूनच कळतं. म्हणून नुसती थरथर, आणि फोन सदऱ्याच्या वरच्या खिशात. पँटच्या खिशात ठेवला तर मागाच्या हादऱ्यात कळत नाही, हे स्वतः उभी राहून पाहिलं.

डॉक्टरांनी विचारलं, बाराची नोंद होतेच आहे, मग हा इशाऱ्यांचा खटाटोप कशाला?

हे त्यांना फळ्यावर समजावलं. समजा शंभरातले साठ बार मित्रांसोबत भरले गेले. म्हणजे मित्रांमुळे तंबाखू वाढते का? माणूस दिवसातला साठ टक्के वेळ मित्रांसोबतच असेल तर या आकड्यातून काहीच कळत नाही. बार भरतानाचा क्षण वेगळा कसा, हे सांगायचं तर बार न भरतानाचे क्षणही हवेत, आणि ते कोणी निवडलेले नकोत. इशारे म्हणजे त्याच्या दिवसाची वाणगी. पोत्यात बंबी घालून चार ठिकाणचे दाणे काढून बघतात, तसं.

२५ जानेवारी

प्रश्न तपासायला दोन पाळ्या कारखान्यात बसले. दोन चुका हाती लागल्या.

पहिली. मी विचारलं, "आत्ता ताण किती आहे?" मामांनी ताणा गुंडाळलेल्या बीमकडे हात करून बघितलं आणि म्हणाले, "बरोबर हाय की. कालच जॉबरनं बघितलाय." मागावरच्या माणसासाठी ताण म्हणजे ताण्याच्या, उभ्या धाग्यांचा ताण. शब्द बदलून "डोकं शांत आहे की गरम?" केलं, आणि बाजूला दोन चेहरे.

दुसरी जास्त महागात पडली असती. इशाऱ्यात प्रश्न होता, "माग चालू की बंद?" एकेका माणसाकडे सहा-आठ माग. आडव्या धाग्याची कांडी संपली की एक थांबतो, तार तुटली की दुसरा थांबतो. प्रामाणिक माणूस नेहमीच "एक बंद" म्हणणार. आम्हाला विचारायचं होतं ते त्याच्या हातांबद्दल. म्हणून प्रश्न झाला, "हात मोकळे आहेत का?" वीज गेली, बीम संपला, माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरची वाट बघतोय, जेवणाची सुट्टी, यात हात मोकळे. कांडी बदलणं, तार सांधणं, नजर ठेवून फिरणं म्हणजे कामात. प्रश्नातला शब्द आणि मिस्ड कॉलच्या नंबरातला शब्द एकच ठेवला, नाहीतर नंतर तुलना करता येणार नाही.

इशाऱ्याला एकूण चार प्रश्न: हात मोकळे का, डोकं कसं, झोप येतेय का, आणि आत्ता तोंडात बार आहे का. चार वेळा बोट लावायचं, वीस सेकंद. मजुरी मीटरवर मिळते, फोनमध्ये घालवलेलं एक मिनिटही माणसाच्या खिशातून जातं. पाचवा प्रश्न घालायचा मोह डॉक्टरांना झाला होता. मी नाही म्हटलं.

३० जानेवारी

इशारे कधी द्यायचे? पूर्ण स्वैर वेळा घेतल्या तर कधी तीन इशारे एकापाठोपाठ येतात आणि मग चार तास शांतता. ठरलेल्या वेळा घेतल्या तर माणूस वाट बघत बसतो. मधला मार्ग: बारा तासांच्या पाळीचे दोन-दोन तासांचे सहा तुकडे, प्रत्येकात एक इशारा कुठेही, फक्त दोन इशाऱ्यांत किमान तीस मिनिटं.

```python
import random

def signals(start, blocks=6, width=120, gap=30):
    out = []
    for b in range(blocks):
        lo = start + b * width
        if out:
            lo = max(lo, out[-1] + gap)
        out.append(random.randint(lo, start + (b + 1) * width - 1))
    return out  # मध्यरात्रीपासूनची मिनिटं
```

इशारा दहा मिनिटांत मावळतो. नंतर उघडला तर प्रश्न दिसतच नाहीत. कागदाने शिकवलेला धडा.

मानधन दिवसाला ठरावीक, आणि इशाऱ्यांना बऱ्यापैकी उत्तरं दिली तर आठवड्याला थोडं वर. बाराच्या मिस्ड कॉलला पैसा नाही. नाहीतर आम्हीच लोकांना बार भरायला लावू, निदान न भरलेल्या बाराचे कॉल करायला तरी.

२ फेब्रुवारी

चाचणीचा दुसरा दिवस. दोन घोटाळे.

रात्रपाळीच्या लोकांना मध्यरात्रीनंतर एकही इशारा नाही. वरच्या कोडात रात्रपाळी १,१४० मिनिटांपासून, म्हणजे सातला सुरू होते, आणि बारा वाजून गेले की आकडा १,४४०च्या पुढे जातो. फोनला २५ वाजून ५ मिनिटं ही वेळ कळेना, त्याने मुकाट्याने तो इशारा टाकून दिला. चूक दाखवलीच नाही, हे वाईट. आता आकडा १,४४०च्या पुढे गेला की १,४४०ने भागून बाकी घेतो आणि तारीख एकने पुढे नेतो.

दुसरा घोटाळा नोंदी बघताना सापडला.

```
id    due_at   shown_at
K03   10:17    13:02
K03   12:41    13:02
K05   11:08    11:08
```

क-०३ला दोन इशारे एकाच मिनिटाला, १:०२ला दिसले. जेवायला बसून त्याने फोन उघडला तेव्हा. बॅटरी वाचवायला फोनने आमचं ॲप झोपवून ठेवलं होतं. इशारा कधी द्यायचा होता एवढंच आम्ही साठवलं असतं, तर "क-०३ उत्तर देत नाही" असं म्हणून त्याला आळशी ठरवलं असतं. द्यायची वेळ आणि प्रत्यक्ष दिसल्याची वेळ, दोन्ही साठवायलाच हव्यात. आणि दोन इशारे एकाच मिनिटाला दिसले की दोष माणसाचा नाही, फोनचा.

अमेयने साधी सूचना काढून `setAlarmClock()` लावलं. गजरासारखं असल्यामुळे फोन झोपेतही ते पाळतो. शिवाय प्रत्येकाच्या फोनमध्ये बॅटरीची सेटिंग `Unrestricted` केली. काही फोनांत आपोआप सुरू होण्याची परवानगी आणखी वेगळीच असते, ती कारखान्याच्या दारात बसून एकेकाची शोधली.

५ फेब्रुवारी

बारा जण, बारा पाळ्या. एक आठवडा दिवसपाळी, एक आठवडा रात्रपाळी. सुरू.

९ फेब्रुवारी

परवा एका मालकाने बोलावून चहा दिला आणि विचारलं, "तुमच्याकडं आमची माणसं कधी मोकळी असतात ते सगळं येतंय म्हणं?"

कोणीतरी बोललं असणार. मी सांगितलं की नोंदी नावाने नाहीत आणि त्या कोणालाही मिळणार नाहीत, संमतीपत्रावरच तसं लिहिलंय. ते म्हणाले, ठीक आहे. दुसऱ्या दिवशी तिथल्या चौघांचे फोन पाळीभर दिवाणजींच्या टेबलावर होते. "कामात लक्ष राहावं म्हणून."

चौघांनाही मी पुढे चालू ठेवायचं का विचारलं. दोघे थांबले, दोघांनी दुसऱ्या दिवसापासून फोन परत खिशात घेतला. त्या एका पाळीच्या नोंदी वगळल्या. पण खरी अडचण वगळून जात नाही: जे दोघे राहिले, ते यापुढे "हात मोकळे"चं बटण दाबताना दोनदा विचार करणार. त्या दोघांचे आकडे वेगळे ठेवलेत. पुढच्या खेपेला बटणावर "मोकळे" हा शब्दच नको, नुसती दोन चित्रं.

१३ फेब्रुवारी

क-११चे मिस्ड कॉल परवापासून शून्य. एकदम सुटला की काय? इशाऱ्यांची उत्तरं मात्र येताहेत, आणि त्यात तोंडात बार आहे. भेटल्यावर कळलं, अठ्ठावीस दिवसांचं रिचार्ज संपलं. कारखान्याच्या वायफायवर ॲप चाललं, पण फोन लागेना, आणि मिस्ड कॉल दिला तरी तो फोनच असतो. सगळ्यांच्या रिचार्जच्या तारखा टिपून घेतल्या आणि खर्चात नवी ओळ घातली.

२० फेब्रुवारी

नोंदी आल्या. सगळ्यांचं एकत्र करण्याआधी एका माणसाचं नीट बघते. मामा, क-०७.

बारा पाळ्यांत मिस्ड कॉल ८४, म्हणजे पाळीला सात. "पाच-सहा"पेक्षा थोडे जास्त, फार नाही. मामांना हे सांगितल्यावर ते खूश. "बघा, मी सांगितलं तसंच."

आता इशारे. ७२ पैकी ५४ना उत्तर. त्यातल्या १८ वेळा "तोंडात बार आहे." म्हणजे एक तृतीयांश वेळ. पाळीची ७२० मिनिटं, त्याचा तिसरा हिस्सा २४० मिनिटं तोंडात तंबाखू. एक बार किती वेळ टिकतो? जानेवारीत मामांच्या शेजारी घड्याळ घेऊन बसले होते तेव्हा दहा बार मोजले होते, ठेवल्यापासून थुंकेपर्यंत सरासरी वीस मिनिटं. २४० भागिले २० म्हणजे बारा. पाळीला बारा बार होत असणार, आणि कॉल येतो सातांचा.

यात गृहीत एवढंच की इशारे खरोखर कुठल्याही क्षणी येतात आणि बाराची वीस मिनिटं बरोबर आहेत. ती पंचवीस असती तर बार दहाच्या आसपास निघाले असते. सातावर यायला बार चौतीस मिनिटं टिकावा लागेल, तेवढा एकही टिकलेला मी पाहिला नाही. तेव्हा पाच बार कुठेतरी गळताहेत.

गळताहेत की कंटाळ्याने कॉल कमी होत गेले? की कॉल करायचा म्हणून मामा बारच कमी भरायला लागले? नोंद करण्यानेच वागणं बदलतं, हा या पद्धतीचा जुना दोष. पहिल्या सहा पाळ्यांत कॉल ४८, पुढच्या सहांत ३६. पण तोंडात बार असल्याची उत्तरं पहिल्या सहांत २७ पैकी ९ आणि पुढच्या सहांतही २७ पैकी ९. बार तेवढेच राहिले, कॉल कमी झाले. म्हणजे कंटाळा. अर्थात दुसऱ्या आठवड्यात पाळीही बदलली होती, त्यामुळे फार ठासून बोलत नाही.

२१ फेब्रुवारी

आता मुख्य प्रश्न. बार कधी?

८४ कॉलपैकी ५६ "मोकळा" नंबरवर. कामात २८. म्हणजे मोकळ्या बारांचं कामातल्या बारांशी प्रमाण २. इशाऱ्यांत मात्र ५४ पैकी १४ वेळाच हात मोकळे होते, ४० वेळा कामात. हे प्रमाण ०.३५. दोनाला ०.३५ने भागलं की ५.७. हात मोकळे असले की बार भरण्याचा कल जवळपास सहापट.

डॉक्टर खूश. "म्हणजे मोकळ्या वेळेसाठी काहीतरी द्यायचं. शेंगदाणे, बडीशेप."

रात्री झोप लागेना. मिस्ड कॉल द्यायलाही हात मोकळेच लागतात! कामात भरलेला बार नोंदवायचा तर तार सोडून खिशात हात घालायला हवा. कोण घालेल? ते पाच गळालेले बार कुठले असतील हे सांगायला ज्योतिषी नको. सहापट हा आकडा तंबाखूबद्दल बोलतोय की फोनबद्दल, हे मला सांगता येत नाही.

२४ फेब्रुवारी

मामांना आकडे दाखवले. ते सुरुवातीपासून सांगतात की झोप मारायला बार लागतो. मी म्हटलं, तसं दिसत नाही. तोंडात बार असतानाच्या १८ उत्तरांत सहा वेळा झोप येत होती, बार नसतानाच्या ३६ उत्तरांत बारा वेळा. दोन्हीकडे तिसरा हिस्सा.

मामांनी शांतपणे चुना डबीत परत ठेवला.

"ताई, झोप आली म्हणून मी बार ठेवला. बार ठेवल्यावर झोप गेली. मग तुमचा फोन थरथरला आन् विचारतोय झोप येतीय का. कशी येईल?"

बरोबर आहे. बार तोंडात असतानाची स्थिती ही बाराआधीची स्थिती नव्हे. मी कारण शोधत होते आणि परिणामाच्या बाजूला उभी राहून मोजत होते. झोपेबद्दलचा निष्कर्ष अहवालातून काढून टाकला. "झोपेचा संबंध नाही" असंही लिहायचं नाही, कारण ते आम्ही तपासलेलंच नाही.

२६ फेब्रुवारी

बदल करून दुसरी फेरी. सगळ्यांनाच आणखी बारा पाळ्या विचारल्या, नऊ जण तयार झाले.

इशाऱ्याला "तोंडात बार आहे" असं उत्तर आलं तरच दोन प्रश्न पुढे येतात: ठेवला तेव्हा हात मोकळे होते की कामात, आणि ठेवण्याआधी झोप येत होती का. ही आठवणच आहे, मान्य. पण फार तर वीस-पंचवीस मिनिटांची, आणि पुरावा अजून गालात. मुख्य म्हणजे इथे बार नोंदवायला माणसाला स्वतःहून आठवण ठेवावी लागत नाही. इशारा येऊन त्याला गाठतो. मिस्ड कॉल चालूच ठेवले, गळती मोजायला.

११ मार्च

मामांची दुसरी फेरी. ५१ उत्तरं, त्यात तोंडात बार १७ वेळा. ठेवला तेव्हा हात मोकळे ७, कामात १०. प्रमाण ०.७. एकूण इशाऱ्यांत हात मोकळे १३, कामात ३८, म्हणजे साधारण ०.३४. भागाकार दोनाच्या आसपास.

सहापटीचं दुप्पट झालं. शिवाय कामात असताना इशाराही कधीकधी चुकतोच. न दिलेली २१ उत्तरं सगळी कामातली धरली, तर हात मोकळे असण्याचा वाटा आणखी खाली जातो. आणि तसं धरलं तर त्या चुकलेल्या क्षणांतले बारही कामातलेच असणार, म्हणजे वरचा आकडाही हलतो. सतराच नोंदींवर दुप्पट म्हणजे नेमकं किती पट, यावर पैज लावू नये. उरलेल्या आठ जणांचेही आकडे असेच खाली आले, दोघांत तर मोकळे आणि कामात यांत काहीच फरक नाही.

झोप: बाराआधी झोप येत होती १७ पैकी ९ वेळा. बार नसतानाच्या ३४ उत्तरांत झोप ११ वेळा. मामा म्हणत होते त्या बाजूला झुकतंय, आणि नऊपैकी सात नोंदी रात्री दोन ते पाचमधल्या. डॉक्टरांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "मग शेंगदाण्याचं काय?" म्हटलं, कामात भरलेले बार निम्म्याहून जास्त आहेत, आणि तार सांधताना शेंगदाणे खाता येत नाहीत. आधी पहाटेचं बघू.

१४ मार्च

पुढच्या गटासाठी अमेयला दिलेली कामं. बटणांवर शब्दांऐवजी चित्रं. दुसऱ्या फेरीतले दोन प्रश्न पहिल्या दिवसापासून. पहाटे दोन ते पाचमध्ये इशारे दुप्पट, आणि हिशेब करताना त्यांचं वजन निम्मं, नाहीतर सगळा दिवसच झोपाळू दिसेल. बार किती मिनिटं टिकतो ते प्रत्येकाचं स्वतंत्र मोजायचं, मामांची वीस मिनिटं सगळ्यांना लावायची नाहीत. रिचार्ज आमच्याकडून.

मामांना शेवटी पुन्हा पहिला प्रश्न विचारला. दिवसाला किती बार होतात?

"पाच-सहा," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "बरं, बारा लिवा."

तेही लिहून घेतलं. हा आकडा त्यांच्या आठवणीतला नाही, माझ्या तोंडून ऐकलेला आहे, असा शेरा मारून.